पाच डेपो, चौतीस तास आणि एक पानाचा प्रस्ताव

जानेवारी २०१२ मध्ये जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेत जोखीम मोजण्याच्या एका नव्या पद्धतीला मंजुरी मिळाली. मंजुरी देणाऱ्या अंतर्गत गटाने तेव्हाच एक त्रुटी नोंदवून ठेवली होती. सगळे गणित एक्सेलच्या अनेक फायलींतून चालत होते आणि एका फाईलमधले आकडे माणूस हाताने उचलून दुसरीत चिकटवत होता. यात चुका होणारच, म्हणून हे काम स्वयंचलित करावे, अशी अट मंजुरीला जोडलेली होती. संबंधित विभागाने ती मान्यही केली. पण ते स्वयंचलन कधी झालेच नाही.

पुढे लंडनच्या कार्यालयातल्या सौद्यांत बँकेचे ६ अब्ज डॉलरहून अधिक नुकसान झाले. चौकशीचा अहवाल जानेवारी २०१३ मध्ये आला. एका सूत्रात जिथे दोन दरांच्या सरासरीने भागायला हवे होते, तिथे बेरजेने भागले गेले होते, असे त्यात उघड झाले. परिणामी जोखीम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत राहिली. नुकसानाचे मूळ सौद्यांत होते, फायलीत नव्हते, हे इथे स्पष्ट करायला हवे. पण धोका वाढत असताना तो दाखवण्याचे काम ज्या कागदाचे होते, तोच कागद चुकीचा होता. आणि तो दुरुस्त करण्याची शिफारस वर्षभर आधी लेखी नोंदलेली होती.

एवढे मोठे आकडे आपल्याकडच्या मध्यम कंपनीत नसतात, पण कामाची रीत तीच असते. एक नमुना घेऊ. शेतीचे पंप आणि ठिबकचे साहित्य विक्रेत्यांना पुरवणारी एक कंपनी आहे, असे समजा. मुख्य कार्यालय पुण्यात, डेपो नाशिक, जळगाव, सोलापूर, लातूर आणि कोल्हापूर इथे. महिन्याची विक्री सुमारे चार कोटी, बरीचशी उधारीवर. दर महिन्याच्या ८ तारखेला व्यवस्थापनापुढे एक अहवाल जातो. त्यात डेपोनिहाय विक्री, परत आलेला माल, शिल्लक साठा आणि थकबाकी असते. हा अहवाल मुख्य कार्यालयातली एक एमआयएस कर्मचारी एकटीने तयार करते. १ तारखेपासून तिचे फोन सुरू होतात. “सर, कोल्हापूरची फाईल अजून आली नाही.” पलीकडून उत्तर येते, “पाठवतो मॅडम, दोन बिलं राहिलीत.”

या कर्मचारीने आणि तिच्या लेखाप्रमुखांनी मिळून अहवाल स्वयंचलित करण्याचा प्रस्ताव लिहायचे ठरवले, तर तो कसा असावा? असे बहुतेक प्रस्ताव सॉफ्टवेअरच्या नावाने सुरू होतात आणि तिथेच फसतात. मालकाला किंवा संचालकाला साधनाचे नाव वाचून काहीच ठरवता येत नाही. आज हे काम कसे होते, ते त्याला आधी दिसले पाहिजे.

म्हणून पहिली पायरी मोजमापाची. सलग दोन महिने त्या कर्मचारीने प्रत्येक कामाला लागलेला वेळ वहीत लिहून ठेवायचा. आपल्या नमुन्यात वही असे सांगते: फायली मागवणे आणि पाठपुरावा ६ तास. पाच डेपोंच्या पाच तऱ्हांचे रकाने एका साच्यात बसवणे आणि विक्रेत्यांची नावे जुळवणे १० तास. टॅलीतल्या बेरजेशी ताळा करणे ५ तास. पिव्होट, आलेख आणि ते उचलून सादरीकरणात चिकटवणे ८ तास. अहवाल गेल्यावर कुणीतरी “हा आकडा जुळत नाही” म्हटल्यावरच्या दुरुस्त्या ५ तास. एकूण ३४ तास.

यातले दहा तास कुठे जातात, हे पाहण्यासारखे आहे. एकाच विक्रेत्याच्या नावापुढे एका डेपोत ‘ट्रेडर्स’ असते, दुसऱ्या डेपोत ‘ट्रेडिंग कं.’, तिसरीकडे नावाआधी ‘मे.’ जोडलेले. संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी माणसे, त्यामुळे थकबाकीही तीन ठिकाणी विभागली जाते. तारखांचे दुखणे याहून चिवट आहे. एखाद्या डेपोतल्या संगणकावर अमेरिकी पद्धतीची मांडणी निवडलेली असेल, तर ०५/०४ ही ५ एप्रिलची नोंद ४ मे होऊन बसते. १३ तारखेपासूनच्या नोंदींचे असे होऊ शकत नाही, कारण तेरावा महिना नसतो. मग त्या तारखा राहतच नाहीत, नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. हे ओळखण्याची साधी खूण आहे. रकान्याची मांडणी कुणी हाताने बदललेली नसेल, तर एक्सेलमध्ये खऱ्या तारखा चौकटीच्या उजव्या कडेला टेकतात आणि मजकूर डाव्या कडेला. रकान्यातल्या तारखा दोन्ही कडांना विखुरलेल्या दिसल्या किंवा अजून न आलेल्या महिन्यात विक्री दिसू लागली, तर घोळ झाला आहे असे समजावे.

यासाठी नवे काही विकत घ्यायला लागतेच असे नाही. पॉवर क्वेरी हे साधन एक्सेलमध्ये २०१६ पासून अंगभूत आहे. त्याआधी ते वेगळे जोडावे लागत असे. एका ठरलेल्या फोल्डरमध्ये पाचही डेपोंच्या फायली ठेवल्या, की हे साधन त्या उघडते, एकाखाली एक लावते, रकान्यांची नावे सारखी करते आणि तारखा भारतीय पद्धतीने वाचते. या पायऱ्या एकदाच बसवायच्या असतात. पुढच्या महिन्यात नव्या फायली ठेवून रिफ्रेशचे बटण दाबले, की त्याच पायऱ्या त्याच क्रमाने पुन्हा चालतात. विक्रेत्यांच्या नावांसाठी एक तक्ता करावा लागतो आणि प्रत्येकाला एक कोड द्यावा लागतो. हा तक्ता मात्र माणसालाच भरावा लागतो, कारण दोन नावे एकाच दुकानाची आहेत की दोन भावांच्या वेगळ्या दुकानांची, हे डेपोतल्या माणसालाच माहीत असते.

आता पैशाकडे वळू. आपल्या नमुन्यात पहिल्या वर्षासाठी ७५ हजार रुपये मागितले आहेत. बाहेरच्या जाणकाराचे आठ दिवसांचे काम, दिवसाला पाच हजार, म्हणजे ४० हजार. दोघांच्या प्रशिक्षणाचे १० हजार. सामायिक फोल्डर आणि बॅकअपची ऑनलाईन जागा, वर्षाचे १२ हजार. राखीव १३ हजार. पॉवर बीआयसारख्या साधनाचे परवाने यात मुद्दाम धरलेले नाहीत. ते साधन स्वतःपुरते वापरायला फुकट असले, तरी डॅशबोर्ड इतरांना दाखवायचा म्हटला की सहसा माणशी दरमहा पैसे मोजावे लागतात. सुरुवातीला एक्सेलचे एक पान आणि त्याची पीडीएफ डेपोंना पुरते. आकडे एकदा विश्वासाचे झाले, की चांगल्या पडद्याची मागणी नंतर करता येते. हा क्रम उलटा झाला तर चुकीचे आकडे देखण्या रंगांत दिसू लागतात.

या खर्चातून मिळणार काय? इथे बहुतेक प्रस्ताव वाचलेल्या तासांचा गुणाकार करतात. आपल्या नमुन्यात ३४ तासांचे काम ८ तासांवर येईल असा अंदाज आहे. पाठपुरावा ३, नवी नावे आणि तपासणी ३, अहवालावरचे दोन परिच्छेदांचे टिपण २. वाचले २६ तास. कर्मचारीचा कंपनीला पडणारा खर्च तासाला २०० रुपये धरला, तर महिन्याला ५,२०० रुपये होतात. गणित बरोबर आहे, पण लेखाप्रमुख त्यावर लगेच बोट ठेवतील. कारण तिचा पगार तेवढाच राहणार आहे. हे ५,२०० रुपये बँकेत जमा होणार नाहीत. भारतात कार्यालयीन वेळ तुलनेने स्वस्त असल्याने निव्वळ तासांवर उभा केलेला प्रस्ताव लंगडाच राहतो. तास दाखवायचेच असतील, तर त्या २६ तासांत ती दुसरे कोणते काम करणार, हे लिहायला हवे.

खरी कमाई तारखेत आहे. आज थकबाकीची यादी ८ तारखेला निघते. स्वयंचलित झाल्यावर ती २ तारखेला निघू शकते. मुदत उलटलेली उधारी ४० लाखांची आहे आणि कंपनी बँकेच्या कर्जावर १० टक्के व्याज भरते, असे धरू. ही रक्कम सहा दिवस आधी वसूल झाली, तर त्या सहा दिवसांचे व्याज सुमारे ६,५७५ रुपये वाचते, आणि तेही दर महिन्याला. पण यादी लवकर मिळाली म्हणून सगळे विक्रेते लगेच पैसे देणार नाहीत. म्हणून प्रस्तावात त्याच्या निम्मेच धरावे, साधारण ३,२८७ रुपये. पहिले तीन महिने बसवण्यात आणि पडताळण्यात जातील, तेव्हा फायदा नऊ महिन्यांचाच मोजायचा. तासांचे ४६,८०० आणि व्याजाचे सुमारे २९,५०० मिळून ७६ हजारांच्या आसपास होतात. म्हणजे पहिल्या वर्षी खर्च जेमतेम भरून निघतो. दुसऱ्या वर्षापासून चालू खर्च १२ हजार आणि किरकोळ दुरुस्त्यांचा.

“पहिल्या वर्षी जेमतेम” हे शब्द प्रस्तावात लिहायला बरेच जण कचरतात. पण ते लिहावेत. पहिल्याच महिन्यापासून दुप्पट फायदा दाखवणारे कागद व्यवस्थापनाने पुष्कळ पाहिलेले असतात. निम्मे धरून केलेले गणित वाचले, की पुढच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

पैशाहून कठीण गोष्ट वेगळीच आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. ‘विक्री’ म्हणजे नेमके काय, हे ठरवणे. बिल निघाले तो दिवस धरायचा की माल गाडीत चढला तो? जीएसटीसह की जीएसटी वगळून? परत आलेला माल ज्या महिन्यात विकला त्यातून वजा करायचा की ज्या महिन्यात परत आला त्यातून? आजवर पाच डेपो पाच पद्धती वापरत आले असतील आणि मुख्य कार्यालयातली ती कर्मचारी आपल्या डोक्यातल्या हिशोबाने त्या जुळवत आली असेल. यंत्राला तो हिशोब लिहून द्यावा लागतो. म्हणून प्रस्तावासोबत अर्ध्या पानाची व्याख्यांची यादी जोडावी आणि तिच्यावर विक्रीप्रमुख आणि लेखाप्रमुख या दोघांच्याही सह्या घ्याव्यात. दोघांचे यावर एकमत व्हायला कधीकधी संपूर्ण तांत्रिक कामापेक्षा जास्त दिवस लागतात.

याच ठिकाणी विरोधही सुरू होतो. महिनाअखेरीला उद्दिष्ट गाठण्यासाठी ३० तारखेला बिले फाडायची आणि ३ तारखेला माल परत घ्यायचा, ही चाल विक्रीच्या व्यवहारात सगळ्यांना ठाऊक आहे. फाईल हाताने तयार होते तोवर परतीच्या नोंदी चार दिवस मागे ठेवता येतात. कच्ची नोंद थेट वाचली जाऊ लागली की ती सोय संपते. डेपोप्रमुख हे कारण सांगणार नाही. तो म्हणेल, “आमच्याकडे नेट चालत नाही.” तेव्हा परतीचा नियम आधीच ठरवून सगळ्यांना एकाच दिवशी कळवणे बरे. आणि पहिल्या तिमाहीत जुन्या नोंदींवरून कुणाला धारेवर धरले जाणार नाही, हे व्यवस्थापनाने स्वतः सांगायला हवे. ते प्रस्ताव मांडणाऱ्या कर्मचारीवर सोडले, तर तिला पाच डेपोंशी वैर घ्यावे लागेल.

स्वयंचलन झाले म्हणजे चूक संपली, हा समज सर्वांत घातक. इंग्लंडमध्ये २०२० साली कोविडच्या काळात प्रयोगशाळांकडून येणारे निकाल आपोआप एक्सेलच्या साच्यात ओढले जात होते. साचा जुन्या एक्सएलएस प्रकारचा होता आणि त्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. मर्यादा भरल्यावर पुढच्या ओळी गळून पडल्या आणि ते वेळीच कुणाच्या लक्षात आले नाही. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यात १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकड्यात आली नाही आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. फाईल नव्या प्रकारची असती तर १०,४८,५७६ ओळी मावल्या असत्या. पण मर्यादा किती होती, हा दुय्यम प्रश्न. आत किती ओळी आल्या आणि बाहेर किती गेल्या, हे रोज मोजून ताडून पाहिले असते, तर चूक पहिल्याच दिवशी पकडता आली असती.

पंपांच्या कंपनीत हीच गोष्ट छोट्या प्रमाणात घडेल. लातूरची फाईल आलीच नाही, तरी रिफ्रेश विनातक्रार पार पडतो आणि पडद्यावर चार डेपोंची विक्री पाच डेपोंची म्हणून झळकते. नाशिकने दुरुस्त केलेली फाईल नव्या नावाने टाकली आणि जुनी काढली नाही, तर नाशिकची विक्री दुप्पट होते. कुणी रकान्याचे नाव ‘Qty’ वरून ‘Quantity’ केले, तर काम थांबते आणि पडद्यावर `The column 'Qty' of the table wasn't found.` असा संदेश येतो. खरे तर हा प्रकार बरा, कारण चूक निदान ओरडून सांगते. आणखी एक खोडी नेहमीची. सामायिक फोल्डरमधली फाईल कुणीतरी उघडी ठेवली, की एक्सेल `~$` ने सुरू होणारी एक लपलेली तात्पुरती फाईल तिथे तयार करते. फोल्डर वाचणारी क्वेरी तिलाही डेपोची फाईल समजते आणि अडखळते. अशा फायली वगळण्याची एक पायरी सुरुवातीलाच घालून ठेवावी लागते.

म्हणून डॅशबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात, विक्रीच्या आकड्याच्याही आधी, ताळ्याची एक चौकट असली पाहिजे. अपेक्षित फायली ५, आलेल्या ५. फायलींतल्या ओळींची बेरीज आणि अहवालातल्या ओळी सारख्या. एकूण विक्री आणि टॅलीतली विक्री यांतला फरक शून्य. यातले एकही जुळले नाही, तर चौकट लाल व्हावी आणि अहवाल पुढे पाठवू नये, असा नियम असावा. ही चौकट तयार करायला अर्धा दिवस पुरतो. प्रस्तावात तिचा उल्लेख नसेल, तर व्यवस्थापनाने तो मागून घ्यावा.

पडताळणीसाठी दोन महिने जुनी आणि नवी पद्धत शेजारीशेजारी चालवायची. या काळात काम कमी होत नाही, उलट वाढते, आणि हे आधीच लिहून ठेवले पाहिजे. फरक आला की तो रुपयापर्यंत शोधायचा. कधी नव्या पद्धतीतली पायरी चुकलेली निघते. कधी असे दिसते की जुन्या फाईलमध्ये कुणीतरी एका चौकटीत सूत्राच्या जागी आकडाच टाइप करून ठेवला होता आणि तो तेव्हापासून तसाच पुढे नेला गेला. असा आकडा सापडला, तर मागच्या किती अहवालांवर त्याचा परिणाम झाला, हे लेखाप्रमुखांना कळवणे भाग आहे.

आणखी एक प्रश्न व्यवस्थापन विचारते आणि तो रास्तच आहे: ही कर्मचारी नोकरी सोडून गेली तर? प्रशिक्षण दोघांचे ठेवले आहे ते यासाठीच. शिवाय बाहेरच्या जाणकाराच्या शेवटच्या हप्त्याला एक अट जोडावी. दुसऱ्या कर्मचाऱ्याने, कुणाचीही मदत न घेता, लिखित टिपणावरून एक पूर्ण महिन्याचा अहवाल काढून दाखवला, तरच पैसे द्यायचे.

हे सारे एका पानात मावते. वर मागणी: ७५ हजार रुपये आणि तीन महिने. त्याखाली आजचे ३४ तास कुठे जातात याचा तक्ता, मग खर्च, निम्मे धरलेला फायदा, जबाबदार दोन माणसे आणि व्याख्यांची जोडलेली यादी. शेवटी थांबण्याची अट: दोन महिन्यांच्या पडताळणीनंतरही टॅलीशी ताळा जुळला नाही, तर उरलेला खर्च करायचा नाही आणि जुनी पद्धत चालू ठेवायची. असा कागद टेबलावर आला, तर अधिकाऱ्यांनी सॉफ्टवेअरची चर्चा बाजूला ठेवून आधी दोन महिन्यांची ती वही मागवावी. आणि मंजुरीच्या सहीशेजारी, काम पुरे झाले की नाही हे कोण आणि कोणत्या तारखेला पाहणार, तेही लिहावे. जेपी मॉर्गनमध्ये अट लिहिलेली होती, ती पुरी होते की नाही याचा पाठपुरावा मात्र झाला नाही.